पंधराशेचा कांदा घरी येतो तेव्हा किती उरतो?

‘कांदा पंधराशेने गेला’ असं गावात सांगितलं जातं, आणि आठवड्याने बँकेचं पासबुक उघडलं की हिशोब जुळत नाही. यात दर वेळी कोणी लबाडी केलेली असते असं नाही. पंधराशे हा लिलावात चांगल्या मालाला क्विंटलमागे पुकारलेला भाव असतो. शेतकऱ्याच्या पदरात पडणारा भाव वेगळा असतो आणि तो कुठल्याच फलकावर लिहिलेला नसतो. तो ज्याचा त्यालाच काढावा लागतो.

काढायची रीत साधी आहे, फक्त भागाकार योग्य आकड्याने करायला हवा. सगळा खर्च वजा जाऊन हातात जी रक्कम उरली तिला घरून निघालेल्या वजनाने भागायचं. बाजारात काट्यावर भरलेल्या वजनाने भागलं की उत्तर फुगतं, कारण वाटेत आणि काट्यावर कमी झालेलं वजन हिशोबातून गुपचूप गळून जातं. तो माल पिकवायला, काढायला आणि भरायला पैसे लागलेले असतात. म्हणून शेतातच दहा-बारा गोण्या काट्यावर टाकून सरासरी काढणं आणि ती वहीत लिहून ठेवणं ही पहिली पायरी. हे केलं नसेल तर पुढचा सगळा हिशोब अंदाजाचा.

आता एक लॉट घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच्याच मागे जाऊ. पुढचे दर उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या बाजार समितीचे दर वेगळे असतील, पण आकडेमोडीची रीत हीच राहील. साठ गोण्या कांदा, प्रत्येक गोणीत निव्वळ ५० किलो, म्हणजे घरून निघाला ३० क्विंटल. गोणीत विक्री होणाऱ्या बाजारात, आडत्याच्या गाळ्यावर तो पाठवला. सोलापूर-पुण्याकडे हीच पद्धत. नाशिककडे ट्रॉलीत मोकळा कांदा नेतात, त्याचं गणित निराळं आहे. त्याकडे शेवटी येऊ.

गाळ्यावर थप्पी लागली की एखाद-दोन गोण्या फोडून नमुना ओततात आणि बोली सुरू होते. आपल्या साठ गोण्यांपैकी ४० गोण्या मोठ्या, एकसारख्या कांद्याच्या निघाल्या आणि १,५०० ने गेल्या. पंधरा गोण्या मध्यम होत्या, त्यांना १,१०० मिळाले. उरलेल्या पाच गोण्या गोल्टीच्या, म्हणजे बारीक कांद्याच्या, त्या ५०० ने सुटल्या. घरी फोन जातो तो ‘पंधराशे मिळाले’ असाच. पण साठही गोण्यांची सरासरी काढली की भाव येतो सुमारे १,३१७. एक रुपयाचीही कपात व्हायच्या आत क्विंटलमागे १८३ रुपये गेले, आणि ही गोष्ट आडत्या हिशोबाची जी पट्टी देतो तिच्यावर ‘खर्च’ म्हणून कुठेच दिसत नाही.

वर्तमानपत्रात आणि पणन मंडळाच्या संकेतस्थळावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर छापून येतात. कमाल दर कधीकधी दिवसभरातल्या मोजक्याच गोण्यांचा असतो, त्यामुळे त्यावर नजर ठेवून गाडी भरणं धोक्याचं. सर्वसाधारण दर जास्त कामाचा, पण तोही बाजारात आलेल्या सगळ्या मालाचा असतो. तुमच्या मालात गोल्टी किती आणि जोड कांदा किती, हे त्याला ठाऊक नसतं.

मग काटा. गोणीच्या बाजारात इथे दोन गोष्टी घडतात आणि दोन्ही इतक्या बारीक असतात की त्यावर भांडण करणारा माणूस चिकट ठरतो.

पहिली बारदानाची. काट्यावर गोणीसकट वजन येतं, त्यातून रिकाम्या गोणीचं वजन वजा करणं रास्तच आहे. पण रिकामी गोणी भरते समजा पाव किलो आणि पट्टीत वजा होतो सरसकट एक किलो. वरचा पाऊण किलो हा कडता झाला. साठ गोण्यांना ४५ किलो. आपल्या लॉटचं वजन त्यामुळे ३,००० किलोऐवजी २,९५५ किलो धरलं गेलं. म्हणजे जवळपास एक गोणी कांदा फुकट गेला. नियमाला धरून वजा व्हायला हवं ते बारदानाचं खरं वजन, तेवढंच. रिकाम्या दहा गोण्या एकदा काट्यावर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, आणि तो आकडा हातात असला की बोलायला आधार मिळतो.

दुसरी गोष्ट पूर्ण किलोची. काट्यावर ५०.७ दिसतं आणि तोलार तोंडाने ‘पन्नास’ सांगतो, लिहिणारा पन्नास लिहितो. वरचे ग्रॅम दर वेळी असेच सोडले तर गोणीमागे सरासरी अर्धा किलो जातो. साठ गोण्यांना तीस किलो. आपल्या सरासरी भावाने हे साधारण ३९५ रुपये होतात, म्हणजे पुढे जी हमाली बघणार आहोत तिच्याहून जास्त. आपल्या उदाहरणात हे नुकसान धरलेलं नाही, पण ते ओळखायचं कसं ते सांगतो. वजनाच्या चिठ्ठीवर साठच्या साठ आकडे पूर्ण किलोतच असतील तर समजावं. उपाय म्हणजे चार-पाच गोण्या एकत्र तोलायला सांगायच्या. मग तो अर्धा किलो पाच गोण्यांत मिळून एकदाच जातो. काट्याचा पाट त्या वजनाचा हवा, एवढंच. आणि गोणी चढवायच्या आधी पडद्यावर शून्य आहे का, काट्यावर वैधमापन खात्याची चालू वर्षाची पडताळणी मोहोर आहे का, हे बघणं तुमचा हक्कच आहे.

आता पट्टी. आपल्या लॉटची पट्टी अशी येईल:

मोठा, १,९७० किलो, दर १,५०० : २९,५५०.००
मध्यम, ७३८.७५ किलो, दर १,१०० : ८,१२६.२५
गोल्टी, २४६.२५ किलो, दर ५०० : १,२३१.२५
एकूण : ३८,९०७.५०

हमाली, गोणीला ६ : ३६०
तोलाई, गोणीला ३ : १८०
वाराई, गोणीला २ : १२०
मोटार भाडे, गोणीला ४५ : २,७००
एकूण खर्च : ३,३६०

निव्वळ देणे : ३५,५४७.५०

या पट्टीत आडतीची, म्हणजे आडत्याच्या कमिशनची, ओळ नाही, आणि ती नसायलाच हवी. महाराष्ट्रात २०१६ मध्ये कायद्यात बदल झाला. तेव्हापासून फळं, भाजीपाला आणि कांदा-बटाटा यांची आडत विकणाऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. त्याआधी ती शेतकऱ्याच्या पट्टीतून सरळ कापली जायची. आपल्या लॉटवर शेकडा सहाने ती कापली असती तर २,३३४ रुपये गेले असते, म्हणजे क्विंटलमागे ७८. आजही कुठे ही कपात होते तेव्हा ‘आडत’ असं नाव लावलेलं नसतं. ‘इतर खर्च’, ‘किरकोळ’ अशा नावाखाली ती बसते, किंवा कच्च्या चिठ्ठीवर एक दर आणि पक्क्या पट्टीवर त्याहून थोडा कमी दर लिहिला जातो. हे ओळखायची खूण सोपी आहे. हमाली आणि तोलाई गोणीमागे ठरलेली असते, ती भावाबरोबर हलत नाही. तुमच्या दोन वेगवेगळ्या दिवसांच्या पट्ट्या शेजारी ठेवा. गोण्या तेवढ्याच असून भाव वाढला तशी एखादी ओळ वाढली असेल, तर ती शेकड्याने कापलेली आहे, नाव काहीही असो.

खरेदीदाराने आडत द्यायची ठरल्याने तेवढे सगळे पैसे शेतकऱ्याला मिळाले असं मात्र समजू नये. खरेदीदार बोली लावताना आडतीचा बोजा मनात धरूनच लावतो. फायदा झाला तो हिशोब स्वच्छ होण्याचा: आता पट्टीत शेकड्याने कापलेली ओळ दिसली की ती उघड चूक ठरते. तीच गोष्ट बाजार फीची, जिला सगळे सेस म्हणतात. ती बाजार समितीला मिळते आणि खरेदीदाराने भरायची असते. देखरेख खर्चही त्याच्याकडचाच. यातलं काही शेतकऱ्याच्या पट्टीत आलं तर तिथेच बोट ठेवायचं.

हमाली, तोलाई आणि वाराई यांचे दर त्या त्या बाजार समितीत ठरतात, म्हणून एका बाजारातला दर दुसऱ्यात दाखवून उपयोग नाही. समितीच्या कार्यालयात मंजूर दरांचा तक्ता असतो, त्याचा फोटो काढून ठेवावा. मोबदला कुठल्या कामाचा आहे हेही समजून घ्यावं. माल उतरवून थप्पीला लावणं हे एक काम, काट्यावर चढवून उतरवणं हे दुसरं, आणि काट्यावर उभं राहून वजन घेणं हे तोलाराचं. गडबड होते ती गाडीतून माल खाली करण्यावर. तेच काम एकदा वाराईत आणि पुन्हा हमालीत धरलं जातं, किंवा गाडीवाला तिथेच रोख देऊन तुमच्याकडून वसूल करतो आणि पट्टीतही ते कापलेलं असतं. गाडीवाल्याला फाटकावर काय दिलं हे विचारल्याशिवाय पट्टी तपासून होत नाही. विक्रीनंतर माल खरेदीदाराच्या गाडीत चढवण्याची हमाली मात्र त्याची, तुमची नाही.

भाडं आडत्याकडून गाडीवाल्याला परस्पर दिलं जातं आणि पट्टीत कापलं जातं. ही सोय चांगली आहे, पण गाडी भरतानाच ‘गोणीला किती’ हे ठरवून चिठ्ठीवर लिहून द्यावं. चिठ्ठीत आकडा नसेल तर आडत्या त्या दिवशी गाडीवाला सांगेल तो कापतो. डिझेलसाठी शेतात हजार रुपये आगाऊ दिले असतील तर तेही त्याच चिठ्ठीवर हवेत. आणि हंगामाच्या सुरुवातीला आडत्याकडून उचल घेतली असेल तर तिची वजावट पट्टीत येईल. ती खर्च नाही, तुम्हीच आधी घेतलेले पैसे आहेत. निव्वळ भाव काढताना ती परत मिळवून घ्यायची, नाहीतर चांगला बाजारही वाईट वाटतो.

पट्टीवरचा शेवटचा आकडा हाही अंतिम नाही. घरचा खर्च त्यात नसतो. बारदान गोणीला ३० धरलं तर १,८०० रुपये. गोणीच्या बाजारात माल गोणीसकट जातो, ती परत येत नाही. भरणी, शिलाई आणि गाडीत चढवणं गोणीला १२ प्रमाणे ७२०. तुमचं जाणं-येणं आणि दिवसाचं खाणं ३००. हे झाले २,८२०. पट्टीतून वजा केले की हातात राहिले ३२,७२७ रुपये ५० पैसे. याला घरून निघालेल्या ३० क्विंटलने भागलं की भाव येतो १,०९१.

पंधराशे ते एक हजार एक्याण्णव, मध्ये ४०९ रुपयांची घसरण आहे. तिचे तुकडे केले तर चित्र अपेक्षेपेक्षा वेगळं दिसतं. सगळ्यात मोठा तुकडा, १८३ रुपयांचा, प्रतवारीचा आहे. पट्टीतल्या कपातीचा ११२, घरच्या खर्चाचा ९४ आणि कडत्याचा जेमतेम २०. भांडण नेहमी हमाली-तोलाईवरून होतं, आणि त्या दोन्ही मिळून क्विंटलमागे अठरा रुपये आहेत. अठरा रुपयेही सोडू नयेत. पण प्रतवारी शेतातच नीट करायची की सगळं एकत्र भरायचं, हा निर्णय दहापट मोठा आहे, हे कळायला हवं.

आता खरी अडचण. हमाली, तोलाई, भाडं, बारदान, भरणी हे सगळं गोणीवर ठरतं, भावावर नाही. पन्नास किलोच्या गोणीत हिशोब करायला एक सोपी खूण आहे: गोणीमागचा खर्च दुप्पट केला की क्विंटलमागचा खर्च मिळतो. आपला सगळा खर्च गोणीला १०३ पडला, म्हणजे क्विंटलला २०६. भाव तेराशे असताना तो सहावा हिस्साही नाही. सरासरी भाव ३०० वर आला तरी खर्च २०६ च राहतो, आणि कडता धरून हातात क्विंटलला नव्वद रुपयेही पडत नाहीत. सरासरी २०९ ला हात रिकामा. आणि ११४ च्या खाली पट्टीच उणे येते, म्हणजे माल देऊन वर भाडं खिशातून भरायचं.

२०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची सोलापूरच्या बाजारातली पट्टी राज्यभर गाजली ती याच गणिताने. दहा गोण्या, ५१२ किलो कांदा, भाव किलोला एक रुपया. एकूण ५१२ रुपये झाले, भाडं-हमाली-तोलाईचे ५०९ रुपये ५१ पैसे गेले, आणि राहिले २ रुपये ४९ पैसे. हातात दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा धनादेश पडला. ते आकडे नीट पाहिले तर कपात गोणीला साधारण ५१ रुपये होती. आपल्या उदाहरणातही पट्टीतली कपात गोणीला ५६ आहे. म्हणजे त्या पट्टीतली कपात काही आभाळाला भिडलेली नव्हती. भाव इतका खाली गेला होता की नेहमीची कपातच सगळं गिळून गेली. आणि बारदान, भरणी, जाण्या-येण्याचा खर्च त्या २ रुपये ४९ पैशांत धरलेलाच नाही.

हेच गणित तुमच्या लॉटमधल्या गोल्टीला लावून बघा. प्रत्येक गोणीला, मग ती कसल्याही कांद्याची असो, पट्टीतले ५६, बारदानाचे ३० आणि भरणीचे १२ असे ९८ रुपये लागतात. तुमचं जाणं-येणं सोडून देऊ, ते गोल्टी नेली काय, न नेली काय, तेवढंच राहतं. ५०० चा भाव असेल तर गोल्टीच्या गोणीचे २४६ येतात आणि दीडशेच्या आसपास सुटतात. न्यायला हरकत नाही. २०० चा भाव असेल तर गोणीचे ९८ रुपये ५० पैसे येतात, म्हणजे पन्नास पैशांसाठी गोणी भरायची, शिवायची, चढवायची आणि तीस रुपयांचं बारदान घालवायचं. अशा आठवड्यात गोल्टी घरीच बाजूला काढलेली बरी. चांगल्या गोणीत ती मिसळून खपवू असं वाटतं, पण नेमकी तीच गोणी नमुन्याला फुटली तर चाळीसच्या चाळीस गोण्यांचा भाव खाली येतो. दहा-पंधरा गोण्यांची गोल्टी लपवायच्या नादात मोठ्या मालाचे क्विंटलला शंभर रुपये घालवलेले पुष्कळ दिसतात.

नाशिक जिल्ह्यात, लासलगाव-पिंपळगाव बसवंतकडे, बारदानाचा प्रश्नच येत नाही. मोकळा कांदा ट्रॉलीत भरून न्यायचा, ट्रॉलीवरच लिलाव होतो, आणि पूर्ण ट्रॉलीला एकच भाव मिळतो. मग भरलेली गाडी भुईकाट्यावर, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली करायची, आणि रिकामी गाडी पुन्हा काट्यावर. हमाली-तोलाई कुणी द्यायची, भुईकाट्यावर वजन होत असताना तोलाई कसली, हा वाद तिथे जुना आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये या कपातीवरून जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते. त्यामुळे तिथे विकताना त्या बाजार समितीत आज काय कापतात हे विचारूनच निघावं.

आपलाच ३० क्विंटल माल मोकळा नेला आणि सरसकट १,२५० मिळाले असं धरू. कपात होत नाही असंही धरू. गळती जाऊन वजन २९.९० क्विंटल भरलं, रक्कम ३७,३७५. ट्रॅक्टरचं भाडं २,४००, शेतातली भरणी ६००, काट्याचे १००. उरले ३४,२७५, म्हणजे ३० क्विंटलवर भाव १,१४३. गोणीच्या बाजारात सरासरी १,३१७ होती आणि पदरी १,०९१ पडले. इथे सरासरी ६७ ने कमी आणि पदरी ५२ ने जास्त. दोन बाजारांची तुलना पुकारलेल्या भावावर करू नये असं म्हणतात ते यासाठी.

पण मोकळ्या विक्रीचा धोका लिलावानंतर सुरू होतो. खळ्यावर अर्धी ट्रॉली खाली झाली की खालून बारीक किंवा ओला कांदा निघाला असं सांगून भाव कमी करायची मागणी येते. याला वांधा काढणं म्हणतात. अर्धा माल जमिनीवर, ट्रॅक्टरवाला घाईत, आणि संध्याकाळ होत आलेली. तिथे पन्नास रुपये सोडले की १,४९५ रुपये गेले आणि पदरी भाव १,०९३ वर आला. गोणीच्या बाजारापेक्षा मिळालेला फायदा एका वाक्यात संपला. वांधा कधीकधी खराही असतो, खाली गोल्टी भरून वर मोठा कांदा मांडणारे आहेतच. म्हणून ट्रॉली भरताना वरपासून खालपर्यंत एकसारखा माल ठेवणं, आणि लिलाव झाल्याबरोबर भाव लिहिलेली सौदापट्टी हातात घेणं, ही दोन कामं आधीच करायची. खळ्यावर मतभेद झाला तर उतरवणं तिथेच थांबवून बाजार समितीच्या माणसाला बोलवायचं. सगळा माल खाली झाल्यावर कुणी आलं तरी बघण्यासारखं काही उरत नाही.

भुईकाट्यावर एक बारीक गोष्ट असते. भरलेल्या गाडीच्या वजनाला जे लोक, जी ताडपत्री आणि जी अवजारं गाडीवर होती, तेच सगळं रिकाम्या वजनालाही असलं पाहिजे. भरलेल्या वेळी तुम्ही दोघे खाली उतरून पडद्याकडे बघत उभे राहिलात आणि रिकाम्या वेळी ट्रॉलीत बसून आलात, तर दोन माणसांचं वजन, सव्वाशे-दीडशे किलो, तुमच्या कांद्यातून वजा झालं. साडेबाराशेच्या भावाने ते दीड हजाराहून जास्त होतात. मधल्या वेळात डिझेल भरलं किंवा पावसाने ताडपत्री भिजली तरी रिकामं वजन वाढतं. ट्रॉलीच्या तळाशी राहिलेली माती आणि टरफलं रिकाम्या वजनाआधी झाडून टाकावीत. दोन्ही वजनांच्या छापील काटापट्ट्या घेऊन त्यावरचा गाडी क्रमांक आणि वेळ बघावी.

पैसे विक्रीच्या दिवशीच मिळायला हवेत असा नियम आहे. पुढच्या तारखेचा धनादेश हा नियमातला व्यवहार नाही. ‘आज रोख हवे असतील तर शेकडा एक-दोन कमी’ असं कुठे ऐकू आलं, तर ती उघड कपात आहे आणि निव्वळ भावात धरायलाच हवी. आपल्या लॉटवर शेकडा दोन म्हणजे सातशे रुपये, कडत्यापेक्षा जास्त.

पट्टीत चुकीची ओळ आढळली तर आधी आडत्याला विचारावं, बऱ्याच चुका तिथेच दुरुस्त होतात. नाही झाली तर बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी अर्ज, आणि तिथेही दाद लागली नाही तर तालुक्याचे सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. अर्जाला पक्की पट्टी, वजनाची चिठ्ठी आणि गाडीची चिठ्ठी जोडावी. पट्टीवर आडत्याचा परवाना क्रमांक, तारीख, प्रत्येक प्रतीचं वजन आणि दर, आणि प्रत्येक कपात वेगळ्या ओळीत असायला हवी. नुसतं ‘खर्च ३,३६०’ असं एकरकमी लिहिलेली पट्टी घेऊ नये, कारण त्यातलं काय योग्य आणि काय जास्तीचं हे नंतर कुणालाच दाखवता येत नाही. गाळ्यावरून निघायच्या आधीच ती फोडून लिहून मागावी.